सहा मृत्यू, तीन भागाकार

जुलैचा दुसरा आठवडा. लावणी अर्ध्यावर आलेली. तात्या सकाळीच आमच्या पडवीत येऊन बसले. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात कालचा पेपर. बातमी तीन ओळींची होती: चिखलातून लागणाऱ्या लेप्टोच्या तापाचे तालुक्यात पाच रुग्ण, त्यातला एक दगावला.

"गो, पाचातलो एक गेलो. म्हणजे शंभरातले वीस मरतले मां? मगे चिखलात उतरूचा कसा?"

आरोग्य खात्यात मी बरीच वर्षं काढली. त्यातली निम्मी रजिस्टरं भरण्यात आणि महिन्याअखेरीस आकडे जुळवण्यात गेली. तात्यांचा भागाकार अगदी बरोबर होता. एक भागिले पाच, म्हणजे वीस टक्के. चुकत होतं ते एवढंच, की त्या भागाकारातून त्यांनी काढलेलं उत्तर त्यांच्या प्रश्नाचं नव्हतंच. पेपरातल्या 'मृत्युदर' या एका शब्दामागे तीन निरनिराळे हिशेब असतात. तिन्हींत वर मेलेली माणसं असतात, पण खाली कोणाला मांडलंय ते प्रत्येक वेळी वेगळं असतं.

तात्यांना सांगताना मी एक तालुका कल्पनेनेच उभा केला, तोच इथे घेते. हे आकडे कुठल्याही खऱ्या तालुक्याचे नाहीत, हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलेत. लोकसंख्या एक लाख. वर्षभरात सगळ्या कारणांनी मिळून ९०० माणसं गेली. लेप्टोची तपासणी करून पक्के ठरलेले रुग्ण ४०, आणि त्यातले ६ दगावले. पुढचा सगळा लेख या सहा मृत्यूंचा आहे.

पहिला हिशेब तात्यांनी केला तोच. सहा भागिले चाळीस, म्हणजे १५ टक्के. याला केस फॅटॅलिटी रेट म्हणतात, मराठीत रुग्ण-मृत्युदर म्हणू. ज्याला हा आजार झालाय असं ठरलं, त्याच्या जिवाला किती धोका, एवढंच तो सांगतो. आजार किती जणांना होतो, हे त्यात कुठेच नसतं. रेबीजचं उदाहरण घ्या. लक्षणं दिसायला लागल्यावर रेबीजचा माणूस जवळजवळ वाचतच नाही, म्हणजे दर शंभराच्या घरात. पण आपल्या तालुक्यात वर्षाला रेबीजचा एखादाच रुग्ण निघेल. आजार किती मारका आहे हे एक, आणि तो किती माणसं मारतो हे दुसरं.

आता या १५ टक्क्यांकडे जरा जवळून बघू, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात.

लेप्टोचे जंतू उंदीर-घुशींच्या मुतातून पाण्यात आणि चिखलात उतरतात, आणि पायाच्या भेगांतून किंवा जखमेतून अंगात शिरतात. बहुतेकांना नुसता ताप येतो, अंग मोडून येतं, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. लावणीच्या दिवसांत पोटऱ्या कोणाच्या ठणकत नाहीत? अशी माणसं गोळी घेऊन दोन दिवस आडवी होतात आणि तिसऱ्या दिवशी परत शेतात. त्यांचं रक्त कोणी तपासत नाही, त्यांचं नाव रजिस्टरात येत नाही. थोड्या जणांना मात्र कावीळ होते, लघवी बंद होते, फुप्फुसात रक्त उतरतं. त्यांना उचलून दवाखान्यात आणतात आणि मग तपासणी होते. म्हणजे चाळीसच्या यादीत मुळात जास्त आजारीच जमलेले. खालचा आकडा आखूड, म्हणून वर दिसणारा दर लांबडा.

समजा पुढच्या वर्षी तापाच्या तपासणीचे किट गावोगाव पोचले आणि आशाताईंनी प्रत्येक तापवाल्याला केंद्रावर धाडलं. आता रुग्ण निघाले १२०, मृत्यू मात्र पुन्हा सहाच. दर झाला पाच टक्के. बैठकीत कोणीतरी आनंदाने सांगणार की लेप्टोचा मृत्युदर एका वर्षात तिपटीने खाली आला. जंतू तेच, चिखल तोच, आणि माणसंही तितकीच गेली. हलका ताप आलेली ऐंशी माणसं यादीत आली, एवढाच फरक.

मग खरी सुधारणा झाली की नुसती यादी वाढली, हे ओळखायचं कसं? मी एक सोपी खूण धरायचे. रुग्णांना बाजूला ठेवायचं आणि मृत्यू थेट लोकसंख्येशी ताडायचे. पहिल्या वर्षी लाखाला सहा, दुसऱ्या वर्षीही लाखाला सहा. म्हणजे काही बदललं नाही. तेच जर मृत्यू सहाचे दोन झाले असते, तर रुग्ण वाढोत किंवा न वाढोत, काहीतरी चांगलं घडलं असं म्हणता आलं असतं. लवकर औषध सुरू झालं असेल, नाहीतर पाऊसच कमी पडला असेल. यातलं कुठलं, ते मग शोधायचं.

दुसरी गोष्ट वेळेची. वीस जुलैला आपल्या यादीत वीस रुग्ण आहेत असं धरा. एक गेला, नऊ जण बरे होऊन घरी गेले, दहा अजून खाटेवर. एक भागिले वीस केलं तर पाच टक्के. पण खाटेवरचे दहा कुठे जाणार हे अजून ठरलेलं नाही, आणि आपण त्यांना वाचलेल्यांत धरून मोकळे झालो. ज्यांचा निकाल लागलाय त्यांच्यापुरतं बघितलं तर दहातला एक, म्हणजे दहा टक्के. ऑगस्ट संपता संपता त्याच वीसजणांतले तिघे गेलेले निघतात, आणि दर येतो पंधरा. साथ चालू असताना हा दर दर आठवड्याला बदलतो. आजार बदलतो म्हणून नव्हे, तर निकाल उशिरा लागतात म्हणून.

तपासणीचंही असंच. आपल्याकडे लेप्टोसाठी सहसा रक्तातली आयजीएम प्रतिपिंडं तपासतात, आणि ती तयार व्हायला आजार सुरू झाल्यापासून पाच-सात दिवस लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ज्याच्या फुप्फुसात रक्त उतरलं आणि जो गेला, त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. मग तो ना रुग्णांत, ना मृतांत. सगळ्यात झपाट्याने नेणारा आजार हिशेबातूनच बाहेर राहतो.

आणि कोकणातली खास गोष्ट म्हणजे रेफर केलेले रुग्ण. माणूस गंभीर झाला की सिंधुदुर्गातला गोव्यात बांबोळीला जातो, नाहीतर घाट चढून कोल्हापूरला. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, असा आपल्याकडचा नियमच आहे. आपल्या सहांतले दोन घाटावर गेले, आणि ते मूळचे कुठले हे कोणी मागे कळवलं नाही, तर तालुक्याच्या कागदावर राहतात चाळीसात चार. दर दहा टक्के. तिकडच्या मोठ्या हॉस्पिटलात आपल्याकडून गेलेले दहा रुग्ण, त्यातले दोन गेले. त्यांचा दर वीस. नुसते आकडे वाचणाऱ्याला वाटेल की लहान दवाखाना चांगला आणि मोठं हॉस्पिटल वाईट. एकदा महिन्याअखेरीस माझ्याकडून असा एक मृत्यू सुटला होता. त्या माणसाच्या बायकोने विम्याच्या कागदासाठी केंद्रावर चौकशी केली, तेव्हा कळलं. रजिस्टरात त्याच्या नावापुढे मी 'रेफर' एवढंच लिहून ठेवलं होतं.

तात्यांच्या पाचातल्या एकाचं काय? इतक्या लहान आकड्यांत टक्केवारी काढूच नये, असं माझं मत आहे. पाचात एक मृत्यू दिसला, तर खरा दर अर्ध्या टक्क्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो, असं संख्याशास्त्राचा नेहमीचा हिशेब सांगतो. एवढी रुंद पट्टी म्हणजे काहीच न सांगणं. उद्या आणखी एक गेला तर पेपरवाला चाळीस टक्के छापेल. पाचातला एक, असंच लिहावं.

आता दुसरा हिशेब. तेच सहा मृत्यू, पण खाली रुग्ण नाहीत, वर्षभरात गेलेली सगळी ९०० माणसं आहेत. सहा भागिले नऊशे, म्हणजे ०.६७ टक्के. याला प्रपोर्शनल मॉर्टॅलिटी म्हणतात. आपण मृत्यूंमधला वाटा म्हणू. तालुक्यात जेवढ्या तिरड्या उठल्या, त्यातल्या किती या आजाराने, हे तो सांगतो. आपल्या तालुक्यात हृदयविकाराने २७० माणसं गेली असं धरलं, तर त्याचा वाटा तीस टक्के. इथे क्रम उलटा झालेला दिसेल. हृदयविकाराचे रुग्ण वर्षानुवर्षं गोळ्या घेत जगतात, म्हणून एका वर्षाच्या हिशेबात त्याचा रुग्ण-मृत्युदर लेप्टोपेक्षा कितीतरी कमी. वाटा मात्र पंचेचाळीस पट. खाटा कुठे वाढवायच्या, ईसीजीचं मशीन कुठे ठेवायचं, हे ठरवणाऱ्याला हा वाटा कामाचा.

पण हा आकडाही बेभरवशाचा. समजा पुढच्या वर्षी हृदयविकाराचे मृत्यू २७० वरून १८० वर आले. एकूण मृत्यू झाले ८१०. लेप्टोचे सहाच. वाटा झाला ०.७४ टक्के. लेप्टो तसूभरही वाढला नाही, तरी त्याचा वाटा वाढला. घरातला एक भाऊ मुंबईला गेला की उरलेल्यांच्या पानात जास्त भात पडतो, तसंच हे. म्हणून नुसता वाटा बघून आजार वाढला की कमी झाला, हे सांगता येत नाही. दोन तालुक्यांची तुलनाही त्यावरून करू नये.

तरीही वाट्याचा एक उपयोग मला फार मोलाचा वाटतो. त्याचे वयाप्रमाणे तुकडे पाडून बघा. आपल्या नऊशेतले ६६० मृत्यू साठीच्या वरच्या माणसांचे आहेत. त्यात लेप्टोचा एक, म्हणजे दीड दशांश टक्का. वीस ते पंचेचाळीस या वयाची मात्र साठच माणसं गेली, आणि त्यातली पाच लेप्टोने. आठ टक्क्यांहून जास्त. जो आजार एकूण आकड्यात कुठेच नव्हता, तो कर्त्या माणसांच्या मृत्यूंत बाराव्या हिश्श्यावर येऊन बसला.

हा वाटा काढायला रुग्ण मोजावे लागत नाहीत, लोकसंख्याही लागत नाही. नुसतं मृत्यूचं रजिस्टर पुरतं. पण रजिस्टरात कारण नीट लिहिलेलं हवं. दवाखान्यात मृत्यू झाला की डॉक्टर नमुना ४ भरतात. त्यात ओळी असतात: पहिल्या ओळीत लगेचचं कारण, तिच्याखाली ते कशामुळे, तिच्याखाली ते आणखी कशामुळे. लेप्टोच्या मृत्यूत वर 'फुप्फुसातला रक्तस्राव' आणि खाली 'लेप्टोस्पायरोसिस' यायला हवं. रात्री दोन वाजता थकलेल्या डॉक्टरने पहिल्या ओळीत 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' लिहून खालच्या ओळी कोऱ्या सोडल्या, की संपलं. हृदय आणि श्वास बंद पडणं हे मरणाचं कारण नव्हे, तेच मरण. शिवाय घरी गेलेल्या माणसाचं कारण बहुतेकदा नातेवाईक सांगतील तेच. २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले साधारण साडेबावीस टक्केच होते. तेव्हा कुठल्याही आजाराचा वाटा वाचताना, तो कारण माहीत असलेल्या मृत्यूंमधला आहे की सगळ्या मृत्यूंमधला, हे आधी बघावं.

तिसरा हिशेब ढोबळ मृत्युदराचा, म्हणजे क्रूड डेथ रेटचा. यात आजार नाही, कारण नाही. वर्षातले सगळे मृत्यू भागिले वर्षाच्या मध्याची लोकसंख्या, आणि उत्तर दर हजारी. ९०० भागिले एक लाख, म्हणजे हजारी ९. लेप्टोचे सहाही मृत्यू टळले असते तर ८.९४. एखाद्या आजाराबद्दल हा दर जवळजवळ मुका आहे.

उलट तो फसवतो, आणि कोकणाला तर हमखास. आपल्या तालुक्यात साठीच्या वरची माणसं वीस हजार आहेत, बाकी ऐंशी हजार. म्हाताऱ्यांत हजारी ३३ मृत्यू होतात आणि बाकीच्यांत हजारी ३, असं धरू. ६६० आणि २४०, मिळून ९००. आता मुंबईजवळचं एक उपनगर घ्या, तेही एक लाखाचं. तिथे साठीवरचे आठच हजार, आणि उरलेले ब्याण्णव हजार. प्रत्येक वयाचा दर तोच ठेवा. म्हाताऱ्यांतले मृत्यू २६४, बाकीच्यांतले २७६, मिळून ५४०. दर हजारी ५.४. कोणत्याही वयाचा माणूस इथे किंवा तिथे तितकाच सुरक्षित, तरी कागदावर कोकणात मरण जवळजवळ पावणेदोन पट.

आमच्या वाडीत येऊन बघितलं की हे डोळ्यांना दिसतं. दहा घरांपैकी चारांना कुलूप, तिघांत फक्त आजी-आजोबा. पोरं मुंबईला, ती गणपतीला येणार. २००१ ते २०११ मध्ये देशाची लोकसंख्या वाढली, राज्याचीही वाढली, पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची कमी झाली. जन्माला आलेलं माणूस तिकडे कमावतं आणि म्हातारपणी इकडे परततं. चाकरमान्याचं मरणसुद्धा बहुतेक वेळा गावच्या खात्यावर पडतं. केरळचंही असंच आहे. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत केरळचा ढोबळ मृत्युदर हजारी ७ होता आणि बिहारचा ५.४. म्हणून आरोग्याच्या बाबतीत बिहार पुढे, असं कोणी म्हणणार नाही.

हा दोष काढायला वयाप्रमाणे दर वेगवेगळे काढतात आणि एका ठरावीक लोकसंख्येवर बसवतात. त्याला वय-समायोजित दर म्हणतात. वर आपण केलं ते त्याच्या उलट: दर तेच ठेवले आणि लोकसंख्या बदलली. दोन्हीकडच्या वयोगटांचे दर एकेक करून ताडले असते तर फरक शून्य निघाला असता.

मग हा ढोबळ दर ठेवायचा कशाला? कारण त्याला डॉक्टर लागत नाही. काय होऊन माणूस गेला हे कोणालाच कळत नसतं, तेव्हा नुसती माणसं मोजूनही संकट दिसतं. १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ आली तेव्हा तपासणी नव्हती, आणि त्या जंतूचा पत्ताही कोणाला नव्हता. पण १९२१ च्या जनगणनेत हिंदुस्थानची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. तसं त्यानंतरच्या कुठल्याच जनगणनेत झालेलं नाही. लेप्टोचे सहा मृत्यू या दराच्या चाळणीतून गळून जातात, पण तशी लाट आली तर पहिली ती इथेच दिसते.

तात्या हे सगळं ऐकत होते की चहाची वाट बघत होते, मला सांगता येणार नाही. कप खाली ठेवून ते म्हणाले, "सगळा खरा, पण माझा काय ता सांग."

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर या तिन्हींत नव्हतं, हे त्यांनी बरोबर ओळखलं. रुग्ण-मृत्युदर आजारी पडलेल्याचा. वाटा मेलेल्यांचा. ढोबळ दर सगळ्या तालुक्याचा. तात्या तर धडधाकट, आणि चिखलात उतरणारे. त्यांच्यासाठी खाली मांडायची माणसं म्हणजे चिखलात उतरणारी माणसं. आपल्या तालुक्यात अशी पंधरा हजार आहेत, आणि चाळीस रुग्णांतले ३६ आणि सहा मृत्यूंतले पाच त्यांच्यातले आहेत, असं धरू. म्हणजे हंगामात साधारण चारशे सतरा जणांत एकाला लेप्टो होतो असं कळतं, आणि तीन हजारांत एक जण जातो. हलका ताप येऊन गेलेले यात नाहीत, तेव्हा लागण खरं तर जास्तच.

"पाचात एक नाय, तीन हजारांत एक," मी म्हटलं. "पण ताप इलो तर मात्र घरात बसू नकात. मगे तुम्ही त्या चाळीसात जातास, आणि थयसर पंधरा टक्के आसत."

त्यांनी उजवी टाच वर करून दाखवली. उभी चीर, आत काळा चिखल बसलेला. मी ती साबणाने धुवायला लावली आणि वर पट्टी बांधली. गमबूट घाला म्हणण्यात अर्थ नव्हता, लावणीच्या चिखलात ते पायातून निघून तिथेच रुततात. साथीच्या भागात शेतात उतरणाऱ्यांना डॉक्सीसायक्लिनची २०० मिलिग्रॅमची मात्रा आठवड्यातून एकदा, अशी सहा आठवडे देतात. गरोदर बाई आणि लहान मूल सोडून. ती केंद्रातून घेऊन खा, उपाशीपोटी नको, असं सांगितलं.

"आयतवारी खातंय," म्हणाले, आणि उरलेला तरवा लावायला गेले.